चाकण डेपोची शॅडो प्राइस −४००, पण ती किती टनांपर्यंत खरी?

चारापाणी

पशुखाद्याच्या कंपनीत डिस्पॅच बघतो. तीन डेपो, तीन बाजारपेठा. कुठून कुठे किती माल पाठवायचा ते दर आठवड्याला एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये काढतो. आकडे थोडे गोल केलेत, पण चित्र हेच आहे.

भिवंडीत १२० टन, चाकणला ९० टन, जळगावला ५० टन माल. नाशिकची मागणी ७०, संभाजीनगरची ९०, कोल्हापूरची ६०. मागणी पूर्ण झालीच पाहिजे, डेपोत माल उरला तर चालतो.

टनामागे भाडं: भिवंडीहून नाशिक ६००, संभाजीनगर १३००, कोल्हापूर १५५०. चाकणहून त्याच क्रमाने ७५०, ९००, १०५०. जळगावहून १०००, ६५०, २०००.

सॉल्व्हरचं उत्तर: भिवंडीतून नाशिकला ७० आणि संभाजीनगरला १०, चाकणमधून कोल्हापूरला ६० आणि संभाजीनगरला ३०, जळगावचे पन्नासच्या पन्नास संभाजीनगरला. एकूण भाडं १,७७,५०० रुपये. भिवंडीत ४० टन पडून राहतात.

Sensitivity Report मध्ये चाकणसमोर Shadow Price −400 आहे. साहेबांनी ते बघितलं आणि म्हणाले, चाकणला आणखी २५ टन ठेवू, आठवड्याला दहा हजार वाचतील. त्याच ओळीत पुढे Allowable Increase 10 आणि Allowable Decrease 30 असंही लिहिलंय. या १० आणि ३० चा नेमका अर्थ काय? अकराव्या टनाला काय होतं?

हिशेबनीस

सोपं आहे. चाकणचा साठा ६० ते १०० च्या दरम्यान असेपर्यंत तुमचा प्लॅन आहे तसाच राहतो. त्या बाहेर गेलात की प्लॅन बदलतो, म्हणून किंमतही बदलते. साहेबांना सांगा, २५ नाही, १० च टन.

कोपऱ्यातला

हिशेबनीस, ६० ते १०० हा पल्ला बरोबर आहे. 'प्लॅन तसाच राहतो' हे मात्र बरोबर नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो. चाकणला एक टन वाढवून बघा, प्लॅनमधले आकडे लगेच हलतात. तसेच राहतात ते मार्ग, म्हणजे कुठून कुठे गाडी जाते ते. त्या मार्गांवरचे टन बदलत राहतात.

तो एक टन कुठे जातो ते हाताने करून बघू, सॉल्व्हर नको. कोल्हापूरचे ६० चाकणहूनच भागलेत, त्यामुळे जास्तीचा टन संभाजीनगरला जाईल. तिथली मागणी ९० च आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी एक टन कमी करावा लागेल. जळगावचा माल ६५० त पोचतो, त्याला कोण हात लावणार? कमी होणार भिवंडीचा, १३०० वाला. ९०० खर्च वाढला, १३०० वाचले, निव्वळ ४००. तुमच्या रिपोर्टातले ४०० ते हेच. वजा चिन्ह एवढ्याचसाठी की साठा वाढला की एकूण खर्च कमी होतो.

आता अकराव्या टनाचं. भिवंडीहून संभाजीनगरला मुळात १० च टन जातात. दहा टन बदलून झाले की तो मार्ग शून्यावर आला. अकरावा टन कुणाची जागा घेणार? जळगावच्या ६५० वाल्याची घेतली तर २५० चा तोटा. नाशिकला पाठवून भिवंडीच्या ६०० वाल्याची घेतली तर १५० चा तोटा. म्हणजे तो चाकणच्या गोदामातच पडून राहणार आणि त्याची किंमत शून्य. ४०० वरून ३००, मग २०० असं हळूहळू काही होत नाही. शंभर टनांपर्यंत पूर्ण ४००, त्यानंतर एकदम ०.

साहेबांच्या २५ टनांचे दहा हजार वाचत नाहीत, चार हजार वाचतात. जादा साठ्याचा गोदाम-हमालीचा खर्च किती येतो तुमच्याकडे?

चारापाणी

टनाला साधारण १५०. म्हणजे २५ टनांना ३,७५०. बचत ४,००० तर हातात राहणार अडीचशे! दहाच टन वाढवले तर १,५०० खर्च, ४,००० बचत, अडीच हजार सुटतात. हे साहेबांना दाखवायलाच हवं.

खालच्या बाजूचे ३० पण असेच का? पावसाळ्यात चाकणला कच्चा माल उशिरा येतो, साठा ५५ वर येतो कधी कधी.

डिझेल_दर

भाडेच बदलत असतात त्याचं काय? डिझेल वाढलं की चाकण–संभाजीनगर ९०० चं १००० होतं. मग ही रेंज किती टिकेल? माझ्या मते आधी तेच बघायला पाहिजे.

कोपऱ्यातला

डिझेल_दर, तुमचा प्रश्न भाड्याच्या रेंजचा आहे. रिपोर्टात ती वरच्या तक्त्यात असते, मार्गांसमोर. तिथे भाडं त्या मर्यादेत हललं तर टनांचे आकडे खरोखरच जसेच्या तसे राहतात. हिशेबनीसांच्या डोक्यात बहुधा तीच रेंज होती. साठ्याच्या रेंजमध्ये नेमकं उलट असतं, टन हलतात आणि किंमत टिकते. भाडं बदललं तर मात्र किंमतही बदलेल: ९०० चे १००० झाले की १३०० वजा १०००, म्हणजे ४०० च्या जागी ३००. १० आणि ३० या मर्यादा तशाच राहतील, कारण त्या टनांवरून येतात, रुपयांवरून नाही. अर्थात तेच मार्ग स्वस्त राहतात तोवर.

चारापाणी, खालची बाजू. चाकणचा साठा कमी होत गेला की चाकण–संभाजीनगर मार्गावरचे ३० टन कमी होत जातात आणि त्यांची जागा भिवंडी घेते. टनामागे तेच ४०० चं नुकसान. ६० ला तो मार्ग शून्य. त्याखाली गेलात की कोल्हापूरच्या मालाला हात घालावा लागतो. आजवर बंद असलेला भिवंडी–कोल्हापूर मार्ग उघडतो, १५५० चा. १५५० वजा १०५०, म्हणजे तिथून पुढे प्रत्येक टन ५०० ला पडतो.

५५ टनांचा हिशेब असा: पहिले ३० टन गेले ४०० ने, १२,०००. पुढचे ५ गेले ५०० ने, २,५००. एकूण खर्च १४,५०० ने वाढून १,९२,०००. सॉल्व्हरमध्ये ९० च्या जागी ५५ टाकून ताडून बघा.

आणि ५० च्या खाली सॉल्व्हर उत्तरच देणार नाही. तिन्ही डेपो मिळून २२० टन भरले पाहिजेत, भिवंडी आणि जळगाव मिळून १७० च होतात.

चारापाणी

टाकून बघितलं, बरोब्बर १,९२,०००. आणि ४९ टाकल्यावर feasible solution नाही म्हणतो.

टर्मिनल_वासी

एक्सेल १० आणि ३० सांगतं, पण त्या मर्यादेला कोण अडतंय ते सांगत नाही. ते हवं असेल तर GLPK वापरा, फुकट आहे. ही फाइल depot.lp नावाने सेव्ह करा:

```
Minimize
 cost: 600 bn + 1300 bs + 1550 bk
     + 750 cn + 900 cs + 1050 ck
     + 1000 jn + 650 js + 2000 jk
Subject To
 bhiwandi: bn + bs + bk <= 120
 chakan: cn + cs + ck <= 90
 jalgaon: jn + js + jk <= 50
 nashik: bn + cn + jn = 70
 sambhajinagar: bs + cs + js = 90
 kolhapur: bk + ck + jk = 60
End
```

```
glpsol --lp depot.lp --ranges sens.txt
```

sens.txt मध्ये chakan ची ओळ बघा. Activity range ६० ते १००, आणि त्या दोन टोकांना एकूण खर्च किती होईल तोही दिलेला असतो, १,८९,५०० आणि १,७३,५००. शेवटच्या Limiting variable या रकान्यात ६० समोर cs आणि १०० समोर bs. कोपऱ्यातला यांनी वर जे हाताने काढलं तेच.

मला या रकान्याचा जास्त उपयोग होतो. मर्यादा नुसती १० आहे हे कळून काय करणार? ती bs मुळे आहे हे कळलं की आणखी कशाकशाने ती हलेल ते दिसतं.

चारापाणी

जळगावची Allowable Increase पण १० च आहे. योगायोग?

कोपऱ्यातला

योगायोग कसला! तिथेही अडतोय तो bs च. जळगावला एक टन वाढला तर तोही भिवंडीच्या त्याच १० टनांतला एक हटवतो, १३०० वजा ६५०, म्हणून जळगावची किंमत −६५०. दोन डेपो एकाच दहा टनांवर डोळा ठेवून आहेत. रिपोर्टातली प्रत्येक ओळ मात्र बाकी सगळं स्थिर धरून काढलेली असते. म्हणून दोघांचे दहा-दहा मिळून वीस टन वाढवू असं कुणी म्हणालं तर फसेल.

हिशेबनीस

त्यासाठी शंभर टक्क्यांचा नियम आहे ना. प्रत्येक डेपोतला बदल त्याच्या मर्यादेच्या किती टक्के आहे ते काढायचं, बेरीज शंभरच्या आत असेल तर किंमती टिकतात. चाकणला ६ आणि जळगावला ६ म्हणजे ६० + ६० = १२० टक्के. शंभरच्या वर गेलं की किंमती मोडल्या.

कोपऱ्यातला

पहिला अर्धा भाग बरोबर. शंभरच्या आत असेल तर टिकतातच. शंभरच्या वर गेलं तर मोडतातच असं मात्र नाही, तिथे नियम काहीच सांगत नाही.

तुमच्या ६ आणि ६ च्या उदाहरणात मोडतात हे खरं. जुन्या किंमतींनी बचत ६ × ४०० + ६ × ६५० = ६,३०० यायला हवी. प्रत्यक्षात खर्च १,७२,००० वर येतो, बचत ५,५००. चाकणमध्ये २ टन पडून राहतात आणि त्यांचे ८०० रुपये हुकतात.

आता दुसरं उदाहरण घ्या. चाकणला ८ वाढवा, जळगावचे २० कमी करा. जळगावची Allowable Decrease ४० आहे, म्हणजे ८० + ५० = १३० टक्के. तरी काहीही मोडत नाही. भिवंडी–संभाजीनगरचे १० टन होते, त्यातून ८ गेले, २० आले, झाले २२. चाकण–संभाजीनगर ३८, भिवंडीत शिल्लक २८. सगळे शून्याच्या वर, सगळे मार्ग तेच, किंमतीही त्याच. एक बदल दुसऱ्याची भरपाई करतोय हे टक्क्यांना दिसत नाही. इतक्या लहान गणितात टक्के काढण्यापेक्षा मार्गांवरचे टन मांडून बघणं सोपं.

मृण्मयी_सां

माझं प्रकरण जरा वेगळं आहे, पण इथेच विचारते. दूध संकलनाचं काम. चार शीतकरण केंद्रं, दोन प्लांट. केंद्रावरचं सगळं दूध उचलायचंच असतं, ठेवून देता येत नाही, म्हणून मी दोन्हीकडे = टाकलंय आणि बेरजाही जुळवल्यात. शॅडो प्राइस येतात, पण Allowable Increase आणि Decrease दोन्ही शून्य! एका सहकाऱ्याने तेच गणित दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलं तर त्याच्या किंमती माझ्यापेक्षा वेगळ्या, आणि एकूण खर्च मात्र पैशापर्यंत सारखा. चूक कुणाची?

कोपऱ्यातला

कुणाचीच नाही, ताई. सगळीकडे = असेल आणि बेरजा तंतोतंत जुळत असतील तर एका केंद्राचं दूध शंभर लिटरने जरी वाढलं तरी ते जायला जागाच नाही, गणित तिथेच अडतं. मग रेंज शून्यच दाखवणार. त्या किंमतींचं स्वतंत्र मोलही नसतं. सगळ्या केंद्रांच्या किंमतीत दहा मिळवले आणि सगळ्या प्लांटच्या किंमतीतून दहा काढले तरी उत्तर तेच राहतं, म्हणून दोन सॉफ्टवेअर दोन वेगळे आकडे देतात. दोन केंद्रांमधला फरक घ्या, तो सहसा जुळेल. 'या केंद्राऐवजी त्या केंद्रावर शंभर लिटर जास्त आले तर खर्च कितीने बदलेल' एवढंच त्यातून वाचायचं.

प्लांटची खरी क्षमता येणाऱ्या दुधापेक्षा जास्त असेल तर प्लांटच्या बाजूला = काढून <= करा. मग रेंज अर्थपूर्ण येईल.

मृण्मयी_सां

फरक घेतले. तीन केंद्रांचे जुळले, चौथ्याचा नाही.

कोपऱ्यातला

मग बहुधा तुमच्या उत्तरात कुठला तरी वापरातला मार्ग शून्यावर बसलाय. तिथे किंमती खरोखरच दोन असतात, वाढीची वेगळी आणि घटीची वेगळी, आणि सॉफ्टवेअर त्यातली एकच छापतं. चारापाणींच्या गणितात चाकणला मुद्दाम १०० टाका, म्हणजे दिसेल. एक टन कमी झाला तर ४०० जातात, एक टन वाढला तर काहीच मिळत नाही. सॉल्व्हर −४०० छापेल आणि Increase शून्य दाखवेल, नाहीतर ० छापेल आणि Decrease शून्य दाखवेल. म्हणून रेंजमध्ये कुठेही शून्य दिसलं की समोरची किंमत एकाच दिशेची आहे असं धरून चालायचं, आणि दुसऱ्या दिशेला एक टन बदलून गणित पुन्हा सोडवायचं.

टर्मिनल_वासी

एक भर. एक्सेलवाल्यांनी सॉल्व्हरमध्ये Simplex LP निवडलंय ना ते बघा. GRG Nonlinear असेल तर रिपोर्टात Shadow Price च्या जागी Lagrange Multiplier येतं आणि रेंजचे रकानेच नसतात. आणि भिवंडीसमोर 1E+30 दिसलं तर घाबरू नका, ती अनंताची खूण आहे. तिथे ४० टन आधीच पडून आहेत, आणखी कितीही टाका, किंमत शून्यच.

चारापाणी

साहेबांना चार हजारांचा हिशेब दाखवला. आता ते विचारतायत, चाकणला नको तर ते २५ टन जळगावला ठेवले तर? तिथेही १० नंतर शून्यच ना?

हिशेबनीस

हो, तिथेही Increase १० च आहे. ६,५०० वाचतील, पुढे काही नाही.

कोपऱ्यातला

नाही, इथे गंमत आहे. Allowable Increase एवढंच सांगतं की दहानंतर किंमत बदलते. किती होते ते ते सांगत नाही. चाकणला ती शून्य झाली म्हणून जळगावलाही होईल असं नाही.

भिवंडीचे दहा टन संपले की जळगावचा पुढचा टन चाकणच्या ९०० वाल्याला हटवतो. ९०० वजा ६५०, २५० वाचतात. आणि चाकणचे संभाजीनगरला जाणारे ३० टन संपेपर्यंत, म्हणजे जळगावचा साठा ९० होईपर्यंत, ही किंमत टिकते. २५ टन जळगावला ठेवले तर १० × ६५० आणि १५ × २५०, मिळून १०,२५०. साहेबांचे दहा हजार वाचतात की, फक्त डेपो दुसरा. चाकणला मग १५ टन पडून राहतील.

पण कारखान्यातून डेपोपर्यंतचं भाडं तुमच्या गणितात कुठेच नाही. कारखाना चाकणच्या जवळ असेल तर जळगावला माल पोचवण्यातच हे १०,२५० खाल्ले जातील.

चारापाणी

कारखाना पुण्याच्या बाजूलाच आहे. ते भाडं दुसऱ्या विभागाच्या खात्यात पडतं, म्हणून आम्ही धरतच नाही. आकडा मागवतो.

डिझेल_दर

मागवा मागवा. आणि आणखी एक, गाड्या टनावर चालतात का हो? माझ्या दोन गाड्या आहेत, १६ टनी. भिवंडी–संभाजीनगर १० टन असले तरी मी पूर्ण फेरीचंच भाडं घेणार. तुम्ही त्यातले चार टन कमी केले म्हणून ४ × १३०० कोण सोडणार तुम्हाला?

टर्मिनल_वासी

हा मुद्दा बिनतोड आहे. फेऱ्या पूर्णांकात धरल्या की शॅडो प्राइस आणि रेंज दोन्ही निकालात निघतात. एक्सेलसुद्धा अशा वेळी हा रिपोर्ट निरर्थक असल्याचं सांगतं. चाकणचे नऊ टन वाढेपर्यंत भिवंडीची गाडी निघणारच, दहाव्या टनाला अख्खी फेरी रद्द होणार. बचत थेंबाथेंबाने येत नाही, एकदम येते.

कोपऱ्यातला

पूर्ण फेरीचं भाडं असेल तर मान्य. चारापाणींचा ट्रान्सपोर्टर टनावर घेतो की फेरीवर, त्यावर आहे. पार्ट लोड जात असेल तर टनाचा हिशेब बऱ्यापैकी चालतो.

चारापाणी

मोठ्या मार्गांवर फेरी, भिवंडी–संभाजीनगरला बहुतेक पार्ट लोड. 'बहुतेक' म्हणतोय कारण दिवाळीआधी संभाजीनगरची मागणी १०५ पर्यंत जाते, तेव्हा पूर्ण गाडी लागते. तेव्हा ही १० ची मर्यादा किती होते?

कोपऱ्यातला

संभाजीनगर १०५ झालं की भिवंडीचे तिथले १० चे २५ होतात. चाकणची वरची मर्यादा ११५ वर जाते, साहेबांचे २५ टन अगदी बसतात आणि दहा हजारही खरे ठरतात. खालची मर्यादा मात्र ६५ होते, कारण त्याच्याआधीच भिवंडीचा साठा संपतो. ५०० वाला टप्पा तेव्हा येतच नाही, ६५ च्या खाली थेट उत्तर नाही. आणि मागणी ८० वर आली तर वरची मर्यादा आजच्या ९० लाच संपते.

तेव्हा एकाच आठवड्याच्या रिपोर्टावरून साठा ठरवू नका. गेल्या वर्षीच्या मागण्या असतील तर चाकण ५० ते ११५ पाच-पाच टनांनी बदलून प्रत्येक आठवड्याचा खर्च काढा.

हिशेबनीस

आणि त्याची सरासरी घ्या.

डिझेल_दर

सरासरीने गाडी भरत नाही, साहेब.

चारापाणी

मागण्यांची फाइल आहे. फेरीचे मार्ग आणि पार्ट लोडचे मार्ग वेगळे करून चालवतो आणि आकडे इथेच टाकतो. कारखाना ते जळगाव भाडं अजून आलेलं नाही.